log₂(x+2) + log₂(x−5) = 3 : दोन उत्तरांपैकी एक बाद का होतं?

अकरावीच्या पातळीवरचं हे अगदी साधं दिसणारं लॉगचं समीकरण आहे. उत्तरपत्रिकेत ते बहुधा असं सोडवलेलं सापडतं:

log₂(x+2) + log₂(x−5) = 3
log₂[(x+2)(x−5)] = 3
(x+2)(x−5) = 2³ = 8
x² − 3x − 10 = 8
x² − 3x − 18 = 0
(x−6)(x+3) = 0
x = 6 किंवा x = −3

बेरजेत, गुणाकारात किंवा अवयव पाडण्यात कुठेही चूक नाही. वर्गसमीकरणात x = −3 ठेवलं तर 9 + 9 − 18 = 0 येतं, म्हणजे तिथलं मूळ म्हणूनही −3 खरंच आहे. तरीही मूळ समीकरणाची उकल फक्त x = 6 आहे. आकडेमोड बिनचूक असूनही एक उत्तर खोटं निघतं, तेव्हा अडचण आकडेमोडीत नसून दोन ओळींमधल्या नात्यात असते. ते नातं नेमकं कुठे बदललं हे शोधणं हा या प्रकरणाचा गाभा आहे.

उपरं मूळ कोणत्या ओळीत शिरलं

x = −3 ही किंमत प्रत्येक ओळीत ठेवून बघू. सर्वांत खालच्या ओळीत ती बसते. (x+2)(x−5) = 8 या ओळीत (−1)(−8) = 8, म्हणजे तिथेही बसते. log₂[(x+2)(x−5)] = 3 या दुसऱ्या ओळीत log₂8 = 3, तिथेही बसते. पहिल्या ओळीत मात्र log₂(−1) + log₂(−8) असं उभं राहतं आणि या दोन्ही पदांना वास्तव संख्यांमध्ये अर्थच नाही. 2 चा कोणताही वास्तव घात घेतला तरी उत्तर धनच येतं, त्यामुळे "2 चा कितवा घात −1 होतो?" या प्रश्नाला वास्तव उत्तर नाही.

म्हणजे उपरं मूळ पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मध्ये शिरलं. तिथे आपण log A + log B = log(AB) हा नियम वापरला. हा नियम A > 0 आणि B > 0 असतानाच खरा आहे. डावीकडून उजवीकडे जाताना त्याचा त्रास होत नाही, कारण डावी बाजू लिहिता आली याचाच अर्थ A आणि B दोन्ही धन आहेत. उलट दिशेने मात्र ही हमी नाही. उजव्या बाजूला फक्त AB > 0 एवढंच लागतं आणि दोन ऋण संख्यांचा गुणाकारही धन असतो. दोन लॉग एकत्र केले त्याच क्षणी समीकरणाचा प्रांत वाढला. पहिल्या ओळीचा प्रांत x > 5 एवढाच होता. दुसऱ्या ओळीत (x+2)(x−5) > 0 पुरे असल्याने x < −2 हा सगळा पट्टाही आत आला, आणि −3 त्याच पट्ट्यात आहे.

आलेखावर हे फार स्पष्ट दिसतं. y = log₂[(x+2)(x−5)] काढला तर दोन फांद्या मिळतात, एक x = 5 च्या उजवीकडे आणि दुसरी x = −2 च्या डावीकडे. दोन्ही फांद्या x = 1.5 या उभ्या रेषेभोवती सममित आहेत. y = 3 ही आडवी रेषा उजव्या फांदीला x = 6 ला छेदते आणि डाव्या फांदीला x = −3 ला. आता त्याच चौकटीत y = log₂(x+2) + log₂(x−5) काढा. फक्त उजवी फांदी उरते. ही डावी फांदी मूळ समीकरणात नव्हती हे वर्गसमीकरणाला कळायला काहीच मार्ग नसतो. ते दोन्ही छेदबिंदू इमानाने सांगतं.

म्हणून वर्गसमीकरणाची मुळे हे उत्तर नसून उत्तराचे उमेदवार असतात. मूळ समीकरणाची प्रत्येक उकल त्या यादीत नक्की असते, पण यादीतली प्रत्येक किंमत उकल असतेच असं नाही.

ऋण संख्येचा लॉग: हा वाद जुना आहे

"log₂(−8) ला 3 च म्हणू या की" असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी भेटला तर त्याला हसू नये. योहान बर्नुली आणि लायबनिझ यांच्यात १७१२-१३ च्या पत्रव्यवहारात नेमका याच मुद्द्यावर वाद झाला होता. बर्नुलीचं म्हणणं होतं की dx/x आणि d(−x)/(−x) एकच आहेत, म्हणून log(−x) आणि log x सारखेच असले पाहिजेत. लायबनिझला ते मान्य नव्हतं. बर्नुलीचं म्हणणं आपल्या समीकरणाला लावलं तर log₂(−1) = 0, log₂(−8) = 3, बेरीज 3, आणि −3 ही उकल ठरते! पण त्या युक्तिवादातून एवढंच मिळतं की दोन्ही फलांचे विकलज सारखे आहेत. तेवढ्यावरून फलं सारखी ठरत नाहीत, त्यांच्यात स्थिरांकाचा फरक असू शकतो.

हा गुंता ऑयलरने १७४९ मध्ये सोडवला. ऋण संख्येचे लॉग संमिश्र असतात आणि एकेका संख्येला असे अनंत लॉग असतात, हे त्याने दाखवलं. संमिश्र संख्यांमध्ये मुख्य मूल्य घ्यायचं ठरवलं तर ln(−1) = πi आणि ln(−8) = ln 8 + πi. बेरीज ln 8 + 2πi होते. तिला ln 2 ने भागलं की 3 + 9.06i हाती येतं, 3 नव्हे. एका पदाला +πi आणि दुसऱ्याला −πi असे वेगवेगळे पर्याय निवडले तर 3 जुळवता येतं खरं, पण एकाच समीकरणातल्या एकाच फलाला दोन जागी दोन नियम लावून मिळवलेलं ते जुळणं असतं. अकरावी-बारावीच्या प्रश्नांत लॉग वास्तव फल म्हणूनच घेतलेला असतो, तेव्हा −3 बाद होण्यात काही शंका उरत नाही.

पडताळा घ्यायचा तो पहिल्या ओळीत

पडताळा घेतला म्हणणारेही इथे फसतात, कारण तो चुकीच्या ओळीत घेतलेला असतो. वर्गसमीकरणात किंमत ठेवून फक्त अवयव बरोबर पाडले एवढंच कळतं. एकत्र केलेल्या लॉगमध्ये ठेवूनही −3 सुटतं. कॅल्क्युलेटरवर log₂ च्या कंसात (−3+2)×(−3−5) असं एकदम टाकलं तर तो बिनतक्रार 3 दाखवतो. दोन लॉग वेगवेगळे टाकले तरच पहिल्या पदावर एरर येतो. म्हणून किंमत प्रश्नात दिलेल्या रूपातच ठेवायची.

x = 6 : x+2 = 8, x−5 = 1. दोन्ही धन. log₂8 + log₂1 = 3 + 0 = 3. मान्य.

x = −3 : x+2 = −1. ऋण. लॉग अस्तित्वात नाही. अमान्य.

दुसऱ्या किमतीसाठी पुढे काही लिहायची गरज नाही. log₂(−1) असं लिहून त्याची किंमत काढायचा प्रयत्न करणं हीच चूक आहे. कंसातली राशी ऋण आली की तिथेच थांबायचं.

पहिल्या पडताळ्यातही एक फसवी जागा आहे. log₂1 = 0 आलं की काही जण "शून्य आलं" म्हणून 6 सुद्धा बाद करतात आणि "उकल नाही" असं लिहून मोकळे होतात. लॉगची किंमत शून्य किंवा ऋण असायला काहीच हरकत नाही. log₂(1/2) = −1 हे पूर्णपणे वैध आहे. बंधन आहे ते कंसाच्या आतल्या राशीवर. पडताळा लिहिताना आधी कंसातल्या राशींची ओळ आणि मग लॉगच्या किमतींची ओळ अशी वेगळी मांडणी केली की ही गल्लत होत नाही.

सरावाने एक गोष्ट लक्षात येते. या समीकरणात दोन्ही कंस तपासायची खरं तर गरजच नाही. कोणत्याही उमेदवारासाठी (x+2)(x−5) = 8 आहेच, म्हणजे दोन्ही कंसांचं चिन्ह सारखंच असणार. एक धन असेल तर दुसराही धन, एक ऋण असेल तर दुसराही ऋण. म्हणून लहान कंस, म्हणजे x−5, धन आहे का एवढं बघितलं की काम झालं. काटेकोरपणे लिहायचं तर मूळ समीकरण म्हणजे "(x+2)(x−5) = 8 आणि x > 5" ही जोडी. ही अट पहिल्याच ओळीशेजारी लिहून शेवटपर्यंत सोबत नेली तर उपरं मूळ आत शिरतच नाही. पण तीन लॉगांची बेरीज असेल तर ही सवलत एका कंसावर मिळत नाही, कारण तीनपैकी दोन कंस ऋण असूनही गुणाकार धन राहू शकतो. तिथे सर्वांत लहान कंस कोणता हे ठरवता येत नसेल तर निदान दोन कंस तपासावे लागतात.

"ऋण उत्तर बाद" हा नियम नाही

वरच्या उदाहरणातून सगळ्यांत चुकीचा धडा कोणता घेतला जात असेल, तर x ऋण आला की तो खोडायचा. उदाहरणांत ऋण मूळ वारंवार बाद होत असल्याने ही सवय पक्की होत जाते. तिचं खंडन करायला दूर जायला नको, हेच समीकरण आठ घरं डावीकडे सरकवू. x च्या जागी x+8 लिहिलं की मिळतं:

log₂(x+10) + log₂(x+3) = 3

(x+10)(x+3) = 8 वरून x² + 13x + 22 = 0, म्हणजे (x+2)(x+11) = 0. मुळे −2 आणि −11. दोन्ही ऋण. x = −2 ठेवलं तर कंसात 8 आणि 1 येतात, बेरीज 3, उकल पक्की. x = −11 ठेवलं तर −1 आणि −8 येतात, बाद. कंसांत आलेल्या संख्या अगदी मघाच्याच आहेत, फक्त x बदलला आहे. "ऋण खोडा" या सवयीने इथे खरी उकलही गेली असती. उलट, कंस (5−x) सारखा असेल तर धन मूळही बाद होऊ शकतं. निकाल x चं चिन्ह देत नाही, कंसातली राशी देते.

मुळे करणीत आली की तपासणी जरा नाजूक होते. मूळ समीकरणात उजवीकडे 3 ऐवजी 2 घेऊ. मग x² − 3x − 14 = 0, विवेचक 65, आणि x = (3 ± √65)/2. इथे दशांशात किंमत काढून ठेवायचा मोह होतो. x ≈ 5.53 घेतलं तर कंस 7.53 आणि 0.53, गुणाकार 3.99, लॉग 1.997. "2 आलं नाही" म्हणून योग्य मूळ बाद केलेलं दिसतं. हा फरक फक्त दोन दशांश स्थळांत अडकल्याचा आहे. त्यापेक्षा प्रांताची अट नेमकेपणाने तपासावी: (3 + √65)/2 > 5 असेल का? म्हणजे √65 > 7 का? 65 > 49, म्हणून हो. दुसरं मूळ (3 − √65)/2 आहे. √65 हे 3 पेक्षा मोठं असल्याने ते ऋण आहे आणि x > 5 या अटीत बसत नाही. पूर्ण पडताळा हवाच असेल तर कंस (√65 + 7)/2 आणि (√65 − 7)/2 येतात, गुणाकार (65 − 49)/4 = 4, आणि log₂4 = 2. दशांशाची गरजच पडली नाही.

कंसात शून्य आलं तर

आतापर्यंतच्या समीकरणांत कंस शून्य व्हायची भीती नव्हती, कारण ज्यांचा गुणाकार 8 किंवा 4 आहे त्या राशींपैकी एकही शून्य असू शकत नाही. दोन लॉग समोरासमोर असले की ही भीती खरी होते:

log(x² − 3x) = log(x − 3)

कंस समान मानले तर x² − 4x + 3 = 0, म्हणून x = 1 किंवा x = 3. x = 1 ठेवलं तर दोन्ही कंस −2. x = 3 ठेवलं तर दोन्ही कंस 0. कंस समान आहेत हे दोन्ही वेळा खरं आहे, पण त्यांचा लॉग कुठेच नाही. या समीकरणाला उकल नाही.

x = 3 चा मोह जास्त असतो. "दोन्हीकडे log 0 आहे, मग समान नाहीत का?" log 0 ही संख्याच नसल्याने समान-असमान हा प्रश्न उद्भवत नाही. कंसातली राशी धन राहून शून्याकडे जाऊ लागली की लॉग खाली खाली जात राहतो: पाया 2 घेतला तर 1/1024 चा लॉग −10, आणि पुढे त्याला तळ नाही. शून्यावर पोचायला घातांकच उरत नाही. खात्री करायची दुसरी वाटही आहे. उजव्या बाजूमुळे x > 3 हवा. त्या प्रांतात x² − 3x = x(x − 3) चा लॉग log x + log(x − 3) असा मोडता येतो. दोन्हीकडून log(x − 3) वजा केला की log x = 0, म्हणजे x = 1 उरतं आणि ते x > 3 मध्ये नाही. निष्कर्ष तोच.

इथेही दोन्ही कंस समान असल्यामुळे सोपा कंस तपासला की पुरतं. x − 3 कडे बघितलं की 1 आणि 3 दोघांचाही निकाल लागतो.

संगणकावर तपासणाऱ्यांनी ऋण आणि शून्य यांतला एक फरक ध्यानात ठेवावा. पायथनच्या `math.log2` ला ऋण संख्या किंवा शून्य दिलं तर `ValueError` येतो, म्हणजे चूक लपत नाही. नमपायचं तसं नाही.

```python
import numpy as np
np.log2(-1.0) + np.log2(-8.0) == 3   # False
x = 3.0
np.log(x*x - 3*x) == np.log(x - 3)   # True
```

ऋण संख्येवर नमपाय `nan` देतं आणि `nan` कशाशीच समान नसतं, म्हणून पहिली तपासणी नापास होते. शून्यावर मात्र `-inf` मिळतं, आणि `-inf` हे `-inf` शी समान धरलं जातं. दुसऱ्या तपासणीचं उत्तर `True` येतं. फक्त `divide by zero` चा इशारा दिसतो आणि तो बरेच जण बंद करून ठेवतात. म्हणून दोन्ही बाजू जुळल्या का एवढंच न विचारता `x - 3 > 0` ही अट स्वतंत्रपणे तपासायला हवी.

पडताळ्याला जे सापडत नाही

पडताळा जास्तीचं मूळ काढून टाकतो, हरवलेलं मूळ परत आणत नाही. log₂(x+2)² = 6 हे समीकरण घ्या, इथे वर्ग कंसातल्या राशीचा आहे. सवयीने घात पुढे आणून 2log₂(x+2) = 6 लिहिलं की x + 2 = 8 आणि x = 6. पडताळा घेतला तर log₂64 = 6, सगळं छान. पण x = −10 ठेवून पाहा: (−8)² = 64, log₂64 = 6. तीही उकल आहे. घात पुढे आणताना प्रांत इथे आकसला. मूळ रूपात x ≠ −2 एवढीच अट होती, नव्या रूपात x > −2 झाली आणि −10 बाहेर पडलं. सम घात पुढे आणायचा असेल तर 2log₂|x+2| = 6 असं केवलमूल्यासकट लिहावं. मग |x+2| = 8 वरून 6 आणि −10 दोन्ही मिळतात आणि पडताळ्यात दोन्ही टिकतात. घात पुढे न आणता थेट (x+2)² = 2⁶ = 64 लिहिलं तरी तेच मिळतं, आणि तिथे उपरं मूळही येत नाही, कारण 64 हे धन असल्याने कंसातली राशी आपोआप धन ठरते.